शॉर्ट वर्किंगची वसुली: ठरलेली मुदत की सरकती मुदत?

उसाचे डोळे काढायचे यंत्र आम्ही सांगलीत दुसऱ्याच्या पेटंटवर बनवतो. यंत्रामागे २०० रुपये रॉयल्टी, पण वर्षाला किमान भाडे १ लाख द्यावेच लागते. रॉयल्टी त्याहून कमी झाली तर जादा गेलेली रक्कम म्हणजे शॉर्ट वर्किंग. पुढे रॉयल्टी किमान भाड्याच्या वर गेली की वरच्या रकमेतून ती कापून घ्यायची. माझ्या पहिल्या करारात तिची वसुली ‘पहिल्या तीन वर्षांतच’ होती. पुढच्या करारात मी ‘प्रत्येक वर्षाची तूट त्यापुढच्या दोन वर्षांत’ असे लिहून घेतले.

पहिल्या प्रकारात लिखापढी कमी, एकच शिल्लक ओढत न्यायची. पहिल्या वर्षी ३०० यंत्रे गेली. ६० हजार रॉयल्टी खात्याला नावे, ४० हजार शॉर्ट वर्किंगला नावे, १ लाख पेटंटच्या मालकाच्या खात्याला जमा. दुसऱ्या वर्षी ४०० यंत्रे, म्हणजे आणखी २० हजारांची तूट. तिसरे वर्ष २०१९-२० चे. ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि आडसाली लागणीचा हंगाम हातचा गेला. तरी ५५० यंत्रे खपली, रॉयल्टी १ लाख १० हजार झाली आणि वरचे १० हजार आम्ही कापून घेतले.

मला खुपले ते ३१ मार्चला. येणे म्हणून ताळेबंदात सांभाळलेले ५० हजार एका नोंदीत नफा-तोटा खात्यात गेले. चौथ्या वर्षी ७५० यंत्रे विकली, रॉयल्टी दीड लाख झाली. किमान भाड्यापेक्षा ५० हजार जास्त, तरी मुदत संपल्यामुळे एक रुपयाही कापता आला नाही. पूर आला म्हणून मुदत थांबत नाही, तसे कलमच नव्हते.

हेच आकडे सरकत्या मुदतीत घालून बघा. तिसऱ्या वर्षीचे १० हजार पहिल्या वर्षाच्या तुटीतून वजा होतात, तिचे उरलेले ३० हजार बुडतात. दुसऱ्या वर्षाचे २० हजार मात्र जिवंत राहतात आणि चौथ्या वर्षी वसूल होतात. मालकाला १ लाख ३० हजारच जातात.

इथे वर्षवार तक्ता ठेवावा लागतो, आणि जुनी तूट आधी फेडायची. आमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या मुलाने एकदा नवी तूट आधी वजा केली. वरच्या आकड्यांत तसे केले, तर पहिल्या वर्षाचे पूर्ण ४० हजार बुडतील आणि चौथ्या वर्षासाठी १० हजारच उरतील. मालकाच्या खात्याशी ताळा घेताना त्याची चूक दिसली.

अर्थात मालक ठरलेलीच मुदत चार वर्षांची देत असेल, तर या आकड्यांत सगळे ६० हजार परत मिळतात. मग थोडा विचार करावा. पण पाचव्या वर्षी पूर आला तर त्या वर्षाची तूट तिथेच बुडते, सरकत्या मुदतीत तिला पुढची दोन वर्षे मिळतात. नदीकाठी धंदा असल्याने मला तरी तेच बरे वाटते. नव्या करारात आणखी एक ओळ घातली आहे: पुराने कारखाना बंद राहिला, तर तेवढ्या महिन्यांचे किमान भाडे कमी होईल.