एकच खून, तीन वाटा

समजा एका श्रीमंत म्हाताऱ्याला औषधातून विष दिलंय, आणि हाच खून रहस्यकथेच्या तीन प्रकारांत कसा रंगेल ते बघू. कोझी म्हणजे सौम्य, घरगुती रहस्यकथेत रक्तपात समोर दिसतच नाही, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलसारखी एखादी शेजारीण गप्पा मारता मारता पकडते की औषध देणारी बाई वेळ चुकीची सांगतेय, आणि तो क्लू आपल्यालाही आधीच मिळालेला असतो, म्हणून मजा येते. हार्डबॉइल्ड म्हणजे रांगड्या, निर्दय शहरी रहस्यकथेचा टोन कडवट, डॅशिएल हॅमेटच्या सॅम स्पेडसारखा एकटा डिटेक्टिव्ह फी घेऊन उतरतो, मार खातो, धमक्या देतो, मग कळतं क्लायंटच खोटं बोलत होता, आणि खुनी सापडला तरी शहर सडकंच राहतं. पोलीस प्रोसिजरल म्हणजे पोलीस तपासाची पद्धत टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या कथेत हिरो एक नसतो, अख्खी टीम असते, पोस्टमॉर्टेम, औषध दुकानाच्या नोंदी, दहा जबाब आणि त्यातले नऊ फुकट, पण मला हेच जास्त खरं वाटतं.