1200 ची चिमणी की 900 ची? आधी पाईप मोजा

बहिणीच्या नव्या फ्लॅटसाठी दोन पर्याय होते. एक: आतल्या भिंतीलगतच्या शेगडीवर 1200 घनमीटर प्रतितास ओढीची चिमणी, तिचा पाईप साडेतीन मीटर आणि तीन बेंड घेत बाल्कनीत. दुसरा: शेगडी बाहेरच्या भिंतीकडे सरकवून 900 ची चिमणी, पाईप जेमतेम सव्वा मीटर आणि एकच बेंड. दुकानदार अर्थातच पहिलीकडे बोट दाखवत होता. मी दुसरीच घ्यायला सांगितली.

खोक्यावरचा आकडा बहुधा पाईप न जोडता मोजलेला असतो. घरी पंख्याला पाईपातला अडथळाही ढकलावा लागतो. सहा इंची पाईपाचा काटकोनी बेंड ढोबळमानाने तीन-चार मीटर सरळ पाईपाइतका अडथळा करतो. म्हणजे पहिल्या पर्यायात हवेला साडेतीन नव्हे, बारा ते पंधरा मीटर पाईप पार करायचा, दुसऱ्यात चार-पाच. त्यात सुरकुत्यांचा ॲल्युमिनियम पाईप पूर्ण न ताणता दाबून बसवला, तर आणखी मार. वळण घ्यायचंच असेल तर दोन 45 अंशांचे बेंड मध्ये थोडं अंतर ठेवून घ्यावेत.

भिंतीत आधीच चार इंची भोक असेल तर ते मोठं करून घ्या, यात तडजोड नको. सहाचा पाईप चारवर आणला की त्या तुकड्यात तेवढीच हवा सव्वादोन पट वेगाने जावी लागते. आवाज वाढतो आणि धूर शेगडीवरच रेंगाळतो.

आता लोक जे विसरतात ते. दुसऱ्या पर्यायात प्रत्यक्ष ओढ 600 धरली, तरी मिनिटाला 10 घनमीटर हवा बाहेर जाते. आठ बाय आठचं, नऊ फूट उंच स्वयंपाकघर जेमतेम 16 घनमीटरचं. दोन मिनिटांच्या आत सगळी खोली रिकामी व्हायची, म्हणून तेवढीच हवा आत यायलाही हवी. दारं-खिडक्या बंद असतील तर ओढ कितीही असो, मिरचीचा खकाणा घरभर जाणारच.

ओळखायचं असं: चिमणी पूर्ण वेगावर ठेवून दार-खिडक्या लावा आणि मग हॉलकडचं दार वीतभर उघडा. पंख्याचा सूर बदलला, दार आत ओढल्यासारखं वाटलं किंवा फोडणीचा धूर एकदम वर वळला, तर हवा कमी पडत होती. सूर बदललाच नाही आणि धूर तसाच राहिला, तर दोष पाईपात, जाळीत किंवा उंचीत. शेगडीपासून 65 ते 75 सेंटीमीटर ठीक.

हवा लांबच्या दारातून यावी. शेगडीशेजारची खिडकी उघडली तर झुळूक धूर चिमणीखालून बाजूला नेते. आणि घरात धुराड्याचा गॅस गीझर असेल तर बंद खिडक्यांत चिमणी मुळीच लावू नका. ती गीझरच्या धुराड्यातून उलटी हवा खेचू शकते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

बहिणीचा गॅसचा पाईप सरकवायला एक दिवस गेला. शेगडी आता बाहेरच्या भिंतीला आहे.