एसीची एएमसी: बिल वर्षाचं एकदम की दर तिमाहीला?

लालबागच्या एका दवाखान्यात दहा स्प्लिट एसी आहेत आणि त्यांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करायची आहे. एका एसीचे वर्षाला २,००० रुपये, चार व्हिजिट, सुटे भाग वेगळे. म्हणजे २०,००० आणि १८ टक्क्यांनी जीएसटी ३,६००.

वर्षाचं बिल एकदम केलं तर २३,६०० आगाऊ हातात येतात आणि वसुलीसाठी एकदाच मागे लागावं लागतं. अडचण कराची. सेवेवरचा जीएसटी बिल किंवा पैसे, यांतलं जे आधी होईल त्या तारखेला लागू होतो. १ ऑक्टोबरला बिल काढलं की मासिक रिटर्नवाल्याला २० नोव्हेंबरपर्यंत ३,६०० भरावेच लागतात, चेक डिसेंबरात आला तरी. म्हणून मी आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कर लागू न होणारं कच्चं बिल, पाठवते आणि पैसे जमा झाले की टॅक्स इन्व्हॉइस काढते. रिन्यूअलच्या तारखेला आपोआप टॅक्स इन्व्हॉइस काढणारी सोय मी बंदच ठेवते. पार्टीने होकार दिलेला नसताना कर आपल्या डोक्यावर बसतो.

तिमाहीला ५,९०० चं बिल केलं तर करही तुकड्यांत जातो. पण करारात हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या असल्या की त्या तारखेपर्यंत इन्व्हॉइस काढावंच लागतं. तिथे प्रोफॉर्मावर थांबता येत नाही, आणि वसुलीचे फोन चार वेळा.

खरा फरक करार मध्येच मोडला की कळतो. हाच दवाखाना दोन व्हिजिटनंतर एप्रिलमध्ये जागा सोडतो असं धरा. तिमाही बिल असेल तर पुढचं काढायचं नाही, विषय संपला. वार्षिक असेल तर १०,००० आणि १,८०० ची क्रेडिट नोट द्यावी लागते. करात ती वळती करून घ्यायची तर मूळ बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवायला हवी. दवाखान्याची सेवा करमुक्त, त्यामुळे त्याला या कराची वजावट मिळत नाही. ते १,८०० त्याच्या खिशातले असतात आणि तो ते मागणारच.

किती परत द्यायचे, हे मात्र जॉब शीटवर ठरतं. आमच्या एका कामात दुसऱ्या व्हिजिटला तीन खोल्यांत पेशंट होते, सातच एसी साफ झाले, आणि शीटवर नुसतं ‘व्हिजिट झाली’ लिहिलेलं. खाली सही वॉचमनची. हिशेबाच्या वेळी आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक इनडोअर युनिटच्या नंबरापुढे तारीख, अँपिअरचं रीडिंग, राहिलं असेल तर कारण, आणि रिसेप्शनची सही.

रिन्यूअलच्या आठवणीतही फरक पडतो. तिमाहीत शेवटचं बिलच रिन्यूअलची आठवण करून देतं. वार्षिक करारात ती वेगळी द्यावी लागते, आणि सोसायटी असेल तर ४५ दिवस आधी, कारण कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच आणि वाढलेला दर तिथेच पास होतो.

स्वतःची जागा असलेला दवाखाना किंवा दुकान असेल तर मी वार्षिकच सुचवेन. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवरचं ऑफिस असेल तर तिमाही. १२ महिन्यांची एएमसी त्या जागेच्या करारापेक्षाच लांब पडते.