स्वतःचा पैसा, एंजल की व्हीसी? विक्रीच्या दिवशीचा हिशेब

गुंतवणूक घेताना बहुतेक संस्थापकांचं सगळं लक्ष किती टक्के हिस्सा जाणार याकडे असतं. पण उद्या कंपनी बेताच्या किमतीला विकली गेली तर कोणाच्या हाती काय येईल, हे आधी पाहायला हवं.

छोट्या रुग्णालयांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. एंजल, म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालणाऱ्या, गुंतवणूकदाराने १ कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला. पुढे व्हीसी, म्हणजे इतरांचा पैसा गुंतवणाऱ्या व्हेंचर कॅपिटल, फंडाने १५ कोटी देऊन २५ टक्के घेतले, म्हणजे कंपनीची किंमत ६० कोटी धरली गेली. नवे शेअर निघाल्याने संस्थापकाकडे ६० आणि एंजलकडे १५ टक्के उरले.

आता कंपनी २० कोटींना विकली गेली. संस्थापकाला १२ कोटी मिळतील असं वाटतं, पण मिळतात ४. कारण व्हीसीच्या करारात बहुधा ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ असतो: विक्रीतून आधी त्यांची मूळ रक्कम, इथे १५ कोटी, बाजूला निघते. उरलेल्या ५ कोटींतून एंजलला १ कोटी मिळतो (त्याचे शेअर साधे धरले आहेत). ‘पार्टिसिपेटिंग’ अट असेल, तर व्हीसी या ५ कोटींतही पुन्हा आपला वाटा घेतो आणि संस्थापकाला ३ कोटीच उरतात. ही अट मी तरी मान्य करणार नाही.

याच कंपनीने एंजलवरच थांबून २० कोटींचा भाव मिळवला असता, तर संस्थापकाला १६ कोटी मिळाले असते. उलट विक्री २०० कोटींना झाली, तर ‘पार्टिसिपेटिंग’ अट नसल्यास व्हीसी १५ कोटींऐवजी आपला २५ टक्के हिस्सा घेणंच पसंत करतो, आणि तो असूनही संस्थापकाच्या हाती १२० कोटी येतात. म्हणून व्हीसीचा पैसा तिथेच घ्यावा जिथे तो ओतल्याने धंदा खरोखर अनेक पटींनी मोठा होईल. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते, त्यामुळे कधीतरी विक्री किंवा आयपीओ व्हावा असा आग्रह येतोच. दरवर्षी चांगला नफा देणारी पण संथ वाढणारी कंपनी त्यांच्या उपयोगाची नसते.

एंजलची रक्कम लहान असते आणि अटीही बहुधा सौम्य. पहिले ग्राहक मिळेपर्यंतचा वर्ष-दीड वर्षाचा खर्च त्यातून निघतो. मात्र पुढच्या फेरीत तो पुन्हा मोठी रक्कम घालेल, असं धरून चालू नये.

स्वतःच्या पैशांवर झिरोधा आणि झोहो उभ्या राहिल्या, तेव्हा तो मार्ग फक्त छोट्या धंद्यांचा नाही. त्याचा कस उधारीवर लागतो. रुग्णालयाने बिल ९० दिवसांनी चुकवलं आणि पगार मात्र दर महिन्याला द्यायचे असले, तर नफ्यातली कंपनीही अडकते. वर्षाचं शुल्क आगाऊ द्यायला ग्राहक तयार असतील, तर तोच तुमचा सर्वांत स्वस्त निधी. तसे ग्राहक मिळत असतील तर एंजलकडेही जायची घाई करू नका. मिळत नसतील आणि उत्पादन पूर्ण व्हायलाच दोन वर्षं लागणार असतील, तर एंजलपासून सुरुवात करा.