एसएमपीएस आणि बॅटरी एकाच लोडवर: शॉटकी डायोड, ऑप-अँप-मॉस्फेट की तयार आयसी?

कागल तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचं संकलन पहाटे सुरू होतं. मिल्क अ‍ॅनलायझर, वजनकाटा, डिस्प्ले आणि पावतीचा प्रिंटर हे सगळं १२ व्होल्टवर चालतं, आणि सगळं एकदम चालू असताना ५ अँपिअरच्या आसपास करंट घेतं. लाईट असताना हे १२ व्होल्ट एसएमपीएस द्यायचा, आणि ती गेली की रिले बॅटरीवर उडी मारायचा. तेवढ्या काही मिलिसेकंदात अ‍ॅनलायझर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि किटल्या घेऊन उभी असलेली रांग सचिवांच्या तोंडाकडे बघत बसायची. "बॅटरी हाय, लाईट हाय, मग मधी काय मरतंय?" हा त्यांचा प्रश्न. मधे मरत होता तो रिलेचा संपर्क.

यावर उपाय म्हणजे दोन्ही पुरवठे कायमचे जोडून ठेवायचे आणि प्रत्येकाच्या वाटेवर एकेरी दार बसवायचं. ज्याचं व्होल्टेज जास्त, त्याच्याकडून करंट येतो, आणि त्यात खंड पडत नाही. दार कशाचं करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आधी हे दार अडवतं काय ते नीट पाहू, कारण इथे भीती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. साध्या एसएमपीएसच्या आउटपुटला आत रेक्टिफायर डायोड असतोच. त्यामुळे बॅटरीचा करंट उलटा शिरला, तरी तो फिल्टर कपॅसिटर, फीडबॅकचे रेझिस्टर आणि एलईडी यांतच जिरतो. बॅटरी थोडी उगाच रिकामी होते, एवढंच. खरा धोका तीन ठिकाणी आहे. एसएमपीएसचं आउटपुट आतून शॉर्ट झालं, तर बॅटरी त्या शॉर्टमध्ये ओतते. पुरवठा सिंक्रोनस बक प्रकारचा, म्हणजे आत डायोडच्या जागी मॉस्फेट असलेला असेल, तर तो उलटा करंट खुशाल स्वीकारतो. तिसरं, १३.८ व्होल्टचा एसएमपीएस उतरलेल्या बॅटरीला थेट जोडला, तर तो लोड सोडून बॅटरीच भरत बसतो आणि करंट लिमिटला जाऊन उचक्या देतो. आपल्या दूध संस्थेत तिसरी गोष्ट रोज घडली असती.

सगळ्यात सोपं दार म्हणजे शॉटकी डायोड. दोन डायोड, एक छोटा हीटसिंक, काम संपलं. ५ अँपिअरला त्यावर साधारण अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे २.५ वॉट उष्णता. उष्णतेचं फारसं काही वाटत नाही, पण तो अर्धा व्होल्ट महाग पडतो. अ‍ॅनलायझर ११ व्होल्टच्या खाली कुरकुरतो. लोडखाली बॅटरी ११.९ वर आली, डायोडने ०.५ खाल्ले, वायरने आणखी ०.३६ खाल्ले, की उरले ११.०४. बॅटरी आणखी जराशी उतरली, की तिच्यात अजून दम असताना मशीन बंद.

वायरचा तो आकडा मुद्दाम दिला. बॅटरीपासून टेबलापर्यंत २ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर, १ चौ.मिमी.ची तांब्याची वायर होती. तिचा रोध सुमारे ७२ मिलिओहम. तीच २.५ चौ.मिमी.ची केली, तर पडणारं व्होल्टेज ०.३६ वरून ०.१४ वर येतं. मॉस्फेटचं सर्किट बनवून जेवढं वाचतं, त्याच्या निम्मं नुसत्या वायरने वाचतं. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी वायर बदला. तेवढ्याने भागत असेल आणि लोड दोन अँपिअरच्या आत असेल, तर शॉटकी लावा आणि पुढचं सगळं विसरा.

भागत नसेल तर मॉस्फेट. IRFZ44N चा चालू अवस्थेतला रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम, म्हणजे ५ अँपिअरला ८७ मिलिव्होल्ट आणि अर्ध्या वॉटहून कमी उष्णता. हीटसिंकही नको. मॉस्फेटच्या पोटात एक बॉडी डायोड असतोच. तो हव्या त्या दिशेने बसवायचा, आणि करंट सरळ असेल तेव्हा मॉस्फेट उघडून त्या डायोडला वळसा द्यायचा. उघडायचं की मिटायचं हे ऑप-अँप मॉस्फेटच्या दोन टोकांचं व्होल्टेज ताडून ठरवतो.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. पॉझिटिव्ह वायरमध्ये पी-चॅनल मॉस्फेट घेतात, दुकानात हमखास मिळणारा LM358 लावतात, आणि सर्किट वेड्यासारखं का वागतं म्हणून डोकं खाजवतात. ऑप-अँपला सप्लाय त्याच १२ व्होल्टचा आणि त्याच्या दोन्ही इनपुटवरही तेच १२ व्होल्ट. LM358 ची इनपुट मात्र सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट खालपर्यंतच नीट पाहू शकतात. वरच्या पट्टीत तो आंधळा. शिवाय त्याचं आउटपुटही वर दीड व्होल्ट कमीच पोचतं, त्यामुळे मॉस्फेट पूर्ण मिटण्याची खात्री उरत नाही. पॉझिटिव्ह बाजूलाच करायचं असेल, तर इनपुट आणि आउटपुट दोन्ही रेल-टू-रेल असणारा, १६ व्होल्टपर्यंत चालणारा TLV2372 सारखा ऑप-अँप घ्यावा लागतो.

LM358 ला खालची पट्टी मात्र स्वच्छ दिसते, अगदी शून्यापर्यंत. म्हणून दार निगेटिव्ह वायरमध्ये बसवलं की तोच स्वस्त आयसी शहाण्यासारखा वागतो. दोन्ही पुरवठ्यांचे पॉझिटिव्ह एकत्र करून लोडला द्यायचे. प्रत्येक पुरवठ्याचा निगेटिव्ह आपापल्या IRFZ44N च्या ड्रेनला, आणि दोन्ही सोर्स लोडच्या निगेटिव्हला. ऑप-अँपचा सप्लाय लोडच्या दोन टोकांवरून. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट सोर्सला, इन्व्हर्टिंग इनपुट ड्रेनला, दोन्ही १ किलोओहममधून. सुरुवातीला बॉडी डायोड चालतो तेव्हा ड्रेन उणे ०.६ व्होल्टवर जातो आणि LM358 ची मर्यादा उणे ०.३ आहे. त्या क्षणी हे १ किलोओहमच इनपुट वाचवतात. आउटपुटमधून गेटला २२० ओहम. एका LM358 मध्ये दोन ऑप-अँप असतात, त्यामुळे दोन्ही दारांना एकच आयसी पुरतो.

एवढ्यावर सर्किट चालतं, पण ते अजून विश्वासाचं नाही. LM358 चा इनपुट ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. तो चुकीच्या बाजूला असला, तर करंट उलटा वाहू लागला तरी ऑप-अँपला तो सरळच वाटतो, आणि मॉस्फेट उघडा राहतो. किती उलटा करंट निसटेल?

```
I = Vos / Rds = 7 mV / 17.5 mΩ = 0.4 A
```

गंमत म्हणजे भारीतला, २ मिलिओहमचा मॉस्फेट घेतला, तर हाच आकडा ३.५ अँपिअर होतो. दार जितकं गुळगुळीत, तितका ऑप-अँपला उलटा करंट कमी दिसतो. म्हणून जास्त पैसे टाकून कमी रोधाचा मॉस्फेट आणू नका. ५ अँपिअरला १७ मिलिओहम बरोबर आहे.

इलाज सोपा आहे. पॉझिटिव्हपासून इन्व्हर्टिंग इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर टाका. त्यातून येणारे १२ मायक्रोअँपिअर त्या १ किलोओहमवर १२ मिलिव्होल्ट उभे करतात. आता ऑफसेट कसाही असला, तरी सरळ दिशेने ५ ते १९ मिलिव्होल्ट पडल्याशिवाय मॉस्फेट उघडायला लागत नाही. उलटा करंट सुरू होण्याआधीच दार मिटलेलं असतं. कमी लोडला मॉस्फेट अर्धवट उघडा राहून तेवढंच व्होल्टेज सांभाळतो. ऑप-अँपऐवजी कंपॅरेटर लावला, तर नेमक्या याच जागी तो उघड-मीट करत थरथरतो. ऑप-अँपही कधी कधी ऑसिलेट होतो, म्हणून हलक्या लोडवर गेटला एकदा स्कोप लावून बघा. रेषा सपाट दिसली पाहिजे.

LM358 ची खरी कमजोरी वेग आहे. तो मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्ट सरकतो. पूर्ण उघडा गेट मिटायला २५ मायक्रोसेकंद आणि वर थोडे. लाईट जाते तेव्हा एसएमपीएसचं आउटपुट मिलिसेकंदांच्या हिशोबाने खाली येतं, तिथे हे सहज पुरतं. पण एसएमपीएस एकदम शॉर्ट झाला, तर तेवढ्या वेळात बॅटरीतून शंभरेक अँपिअरचा झटका जाऊ शकतो. LTC4357 किंवा LM74700 असे तयार आयसी एका मायक्रोसेकंदाच्या आत मिटतात. त्यांच्यात चार्ज पंप असल्यामुळे एन-चॅनल मॉस्फेट पॉझिटिव्ह वायरमध्ये बसवता येतो. पण ते मागवावे लागतात, बारीक पायांचे असतात, आणि पावसाळ्यात गावात बिघडले तर जवळच्या दुकानात बदली मिळत नाही. LM358 आणि IRFZ44N कोल्हापुरात कुठेही मिळतात. दूध संस्थेसाठी मी याच मुद्द्यावर ऑप-अँप निवडला, आणि शॉर्टच्या झटक्यात मॉस्फेटच मेला तर त्यासाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हला १० अँपिअरचा फ्यूज टाकला. टेलिकॉमचं कपाट किंवा एकाला एक राखीव असे दोन मोठे पुरवठे असते, तर तयार आयसीच घेतला असता.

बसवून झाल्यावर प्लग काढला. मशीन चालू राहिलं, सचिव खूश. पण एसएमपीएसचा हिरवा एलईडी विझेना. म्हणजे बॅटरी उलटी एसएमपीएसमध्ये शिरत होती. मॉस्फेट उलटा लागला असेल म्हणून तपासला, बरोबर होता. शेवटी एसएमपीएसकडचा मॉस्फेट काढूनच टाकला, तरी एलईडी चालू! मग लक्षात आलं. अ‍ॅनलायझर सिरीयल केबलने कॉम्प्युटरला जोडलेला, कॉम्प्युटरची बॉडी अर्थला, आणि आधीच्या कोणी तरी एसएमपीएसचा आउटपुट निगेटिव्हही वायरचा तुकडा टाकून अर्थला बांधलेला. लोडचा निगेटिव्ह आणि एसएमपीएसचा निगेटिव्ह दाराला वळसा घालून मागल्या अंगणातून भेटत होते. तो तुकडा काढला, बॉडीचं अर्थिंग तसंच ठेवलं, आणि एलईडी विझला.

निगेटिव्ह बाजूच्या सर्किटची हीच अट आहे. प्रत्येक पुरवठ्याचा निगेटिव्ह मोकळा ठेवता आला पाहिजे, बॅटरीच्या चार्जरचासुद्धा. चार्जर थेट बॅटरीच्या टोकांवर, लोडच्या निगेटिव्हला कधीच नाही. गाडीसारखं जिथे सगळं लोखंड म्हणजेच निगेटिव्ह, तिथे हा मार्ग बंद. तिथे TLV2372 आणि पी-चॅनल, नाही तर तयार आयसी.

राहिला व्होल्टेजचा मेळ. हे दार कोणाला प्राधान्य देत नाही, जास्त व्होल्टेजवाल्याला देतं. एसएमपीएस १२ व्होल्टवर आणि बॅटरी चार्जरवर १३.५ ला तरंगत असेल, तर लाईट असतानाही लोड बॅटरीवरच चालतं. मशीनला चालत असल्याची खात्री करून एसएमपीएसचा प्रीसेट १३.८ वर नेला. मॉस्फेटवर ८७ मिलिव्होल्ट जाऊनही तो बॅटरीच्या वर राहतो. शॉटकी असता तर अर्धा व्होल्ट जाऊन तो १३.३ वर आला असता, आणि चार्जरचा करंट लोडमध्ये झिरपत राहिला असता.

मॉस्फेट मरतो तो बहुधा शॉर्ट होऊन. तेव्हा मशीन नेहमीसारखं चालतं आणि कोणाला कळत नाही. म्हणून सचिवांना महिन्यातून एकदा संकलन चालू असताना प्लग काढून एसएमपीएसचा हिरवा दिवा बघायला सांगितलंय. तो विझला नाही, तर मला फोन.