टॉप-२० ची यादी, आठ महिने: हीपवरून बकेटवर आलो, आणि मेमरी संपली

गेल्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी लॉग उघडला तर शेवटच्या ओळीत फक्त `Killed`, आणि एक्झिट कोड `137`. म्हणजे मेमरी संपली म्हणून सिस्टिमनेच प्रोसेस मारून टाकली. काम अगदी साधं: साइटवर लोकांनी काय शोधलं त्या शब्दांतून सर्वांत जास्त वेळा आलेले २० काढायचे. हा कोड आठ महिने रोज रात्री मुकाट चालत होता. त्या रात्री त्याला पहिल्यांदाच अख्ख्या महिन्याचा डेटा दिला होता, आणि तो पडला.

हीप आणि बकेट दोन्ही कशा चालतात हे इथल्या वाचकांना माहीत आहे असं धरतो. आधी माझ्याकडे k आकाराचा मिन-हीप होता. तो काढून बकेट बसवली, कारण हीपला O(d log k) लागतात (d म्हणजे वेगळे शब्द) आणि बकेटमध्ये तो लॉग नाही. कागदावर बकेट सरस दिसते. आता ती बसवण्यामागचं हे कारण मला पटत नाही. तरीही रोजच्या यादीसाठी मी बकेटच ठेवली आहे, पण कारण वेगळं आहे. त्याकडे येतोच.

आधी मेमरी. दोष या एका ओळीत होता:

```python
buckets = [[] for _ in range(n + 1)]
```

एखादा शब्द जास्तीत जास्त n वेळा येऊ शकतो, म्हणून n + 1 बकेटा. बहुतेक ठिकाणी हे असंच शिकवतात, मीही तसंच उचललं. पण ६४-बिट पायथनमध्ये रिकामी लिस्टसुद्धा ५६ बाइट खाते, आणि तिच्याकडे बोट दाखवायला आणखी ८. म्हणजे एका रिकाम्या बकेटला ६४ बाइट. रोजचे शोध साधारण ३.३ लाख, तेव्हा हा खर्च २१ एमबीच्या आसपास होता आणि कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. महिन्याचे झाले एक कोटी. नुसत्या रिकाम्या बकेटांना ६४० एमबी, आणि कंटेनरची मर्यादा ५१२. मला यात सर्वांत जास्त खटकलं ते हे की मोजणीच्या डिक्शनरीत जेमतेम ४ लाख शब्द होते. खरा माल थोडा, आणि सगळी जागा रिकाम्या भांड्यांनी अडवलेली.

पहिली डागडुजी म्हणून n ऐवजी सर्वांत मोठी वारंवारता घेतली. सर्वाधिक शोधलेला शब्द ३ लाख वेळा आला होता, म्हणून खर्च १९ एमबीवर आला. काम भागलं, पण त्या ३ लाख बकेटांतल्याही जवळजवळ सगळ्या रिकाम्याच होत्या, आणि मला ते बघवेना. मग अ‍ॅरेच काढून टाकला आणि वारंवारतेलाच डिक्शनरीची की केलं:

```python
groups = defaultdict(list)
for word, c in counts.items():
    groups[c].append(word)

top = []
for c in sorted(groups, reverse=True):
    if len(top) >= k:
        break
    top.extend(groups[c])
```

यात `sorted` बघून एका सहकाऱ्याने लगेच हटकलं की लॉग टाळायला बकेट घेतली आणि आता सॉर्ट करतोस. शंका रास्त होती, म्हणून कागद घेऊन बसलो. वेगवेगळ्या वारंवारता m असतील तर त्या कमीत कमी १, २, ३ अशा m पर्यंत असणार, आणि त्यांची बेरीज m(m+1)/2 ही एकूण n च्या पुढे जाऊच शकत नाही. n एक कोटी असेल तर m जास्तीत जास्त ४,४७१. डेटा कसाही आला तरी एवढ्याच आकड्यांचं सॉर्ट, आणि तेवढ्याच लिस्टा. एक कोटी बकेटांची जागा साडेचार हजारांच्या आत बसते, हे हातानं मांडून पाहिल्यावर मला मनापासून आनंद झाला.

आता वेगाबद्दलचं मत बदलावं लागतंय. हीप हळू नव्हताच. मिन-हीपच्या टोकाला निवडलेल्यांतला सर्वांत लहान बसलेला असतो. नवा शब्द त्याच्याशी फक्त एकदा तुलना करून पाहायचा. हरला तर तिथूनच परत. log k चा खर्च आत शिरणाऱ्यालाच पडतो. शब्द यादृच्छिक क्रमाने आले तर सरासरीने असे शिरकाव सुमारे k·ln(d/k) होतात. माझ्या आकड्यांत २० गुणिले ९.९, म्हणजे ४ लाख शब्दांमागे दोनशेच्या आसपास. बाकी सगळे दारातून परत. उलट बकेटमध्ये प्रत्येक शब्द कुठेतरी ठेवावाच लागतो. आणि दोन्हींत मुख्य वेळ जातो तो त्याआधीच्या एक कोटी ओळींच्या मोजणीत, जिथे यांपैकी कुणाचाच संबंध नाही. वेगासाठी हीप बदलायचा विचार असेल तर बदलू नका.

मग बकेट का ठेवली? बरोबरीसाठी. याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, ऑफिसमध्येही बोलतो.

बकेट बसवली त्या पहिल्याच आठवड्यात संपादन विभागातल्या ताईंनी विचारलं, "विसावा शब्द बदलला कसा? दोन्ही प्रोग्राम बरोबर आहेत ना?" जुना कोड त्याच दिवसाच्या डेटावर पुन्हा चालवला. एकोणीस जागा दोन्हीकडे सारख्या. विसाव्या जागेसाठी 'अर्ज', 'निकाल' आणि 'हवामान' हे तिन्ही शब्द बरोबर ४१ वेळा आलेले. माझ्या हीपमध्ये `(count, word)` अशा जोड्या होत्या. संख्या सारखी असली की पायथन पुढचा घटक पाहतो, म्हणजे शब्द, आणि लहान ठरेल तो बाहेर जातो. युनिकोडमध्ये अ आधी येतो, ह शेवटी. त्यामुळे 'हवामान' राहिला आणि 'अर्ज' गेला. हा एका दिवसाचा योगायोग नव्हता. बरोबरी होईल तेव्हा दर वेळी वर्णमालेच्या सुरुवातीचे शब्द पडत होते, आणि त्यावरून लोक काय मथळे द्यायचे ते ठरवत होते. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. आकडेही सगळे खरे.

`Counter` चं `most_common(20)` वापरलं तर आतून हीपच चालतो, पण बरोबरीत जो आधी दिसला तो राहतो. माझी पहिली बकेटसुद्धा तेच करत होती. तो पक्षपात अक्षराऐवजी वेळेचा: मध्यरात्रीनंतर लगेच शोधलेला शब्द जिंकतो. बरोबरी झाली हे हीपला सांगताच येत नाही, कारण बाहेर टाकलेला शब्द त्याच्याकडे उरतच नाही. बकेटमध्ये मात्र तिन्ही शब्द एकाच लिस्टमध्ये शेजारी बसलेले असतात. वरच्या कोडमध्ये `extend` आहे ते यासाठीच. त्या दिवशीची यादी आता २२ शब्दांची निघते, आणि तिन्हीपुढे ४१ दिसतात.

एक काम मात्र हीपकडे परत दिलं. जुन्या शोधांना कमी वजन देणारी साप्ताहिक यादी. तिथे मोजणी अपूर्णांकांत येते, जवळजवळ प्रत्येक शब्दाचा आकडा वेगळा, मग ४,४७१ ची हमीही जाते आणि गटही पडत नाहीत.

आणि बकेटचीही एक अडचण परवाच निघाली. एका छोट्या विभागात दिवसभरात शोधच कमी झाले. सतरा शब्द नीट आले, आणि त्याखाली २ वेळा आलेले २१४ शब्द एका गटात. `extend` ने सगळे ओतले, यादी २३१ ची झाली. आता गट ओतण्याआधी त्याची लांबी पाहतो. यादी ३० च्या पुढे जाणार असेल तर तो गट सोडून थांबतो आणि खाली एक ओळ छापतो: "उरलेल्या ३ जागांसाठी २१४ शब्द बरोबरीत". ३० हा आकडा मी ताईंना विचारून ठरवला, त्यांच्या पडद्यावर तेवढेच मावतात.