चेक-इनची तारीख: यूटीसी टाइमस्टॅम्प की साधी तारीख?

दादरला बसून अलिबागच्या एका होमस्टेचं बुकिंग सॉफ्टवेअर सांभाळताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. तुम्ही याच पेचात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आमच्याकडे आधी चेक-इन `timestamptz` मध्ये होतं. होमस्टेच्या काकांनी न्यू जर्सीच्या एका कुटुंबासाठी फोनवरून १५ ऑगस्टचं बुकिंग घेतलं. काकांच्या स्क्रीनवर १५, पाहुण्यांच्या मोबाईलवर १४. कॅलेंडरने मुंबईची मध्यरात्र धरली होती आणि सेव्ह झालं ते असं:

```
2025-08-14T18:30:00.000Z
```

त्या क्षणी न्यू जर्सीत १४ तारखेची दुपार होती, अडीच वाजलेले. संगणकाच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती.

यूटीसी ठेवूनही हे सुटतं. दाखवताना प्रत्येक वेळी पाहुण्याचा नव्हे, तर होमस्टेचा टाइमझोन, म्हणजे `Asia/Kolkata`, द्यायचा. आम्ही तसंच केलं. पण स्क्रीन दुरुस्त झाली की ईमेलमध्ये जुनी तारीख, ईमेल सुधारला की पीडीएफ व्हाउचरवर. आणि मुंबईतल्या लॅपटॉपवर सगळं बरोबरच दिसायचं! मला खरा त्रास याचाच झाला. शेवटी रोज `TZ=America/New_York` लावून तपासायची सवय लावून घेतली.

दुसरी पद्धत म्हणजे कॉलमच `date` करायचा आणि `2025-08-15` ही अक्षरंच सगळीकडे न्यायची. मुक्कामाची तारीख हा काळातला क्षण नाहीच, ती अलिबागच्या कॅलेंडरवरची एक चौकट आहे. इथेही एक खाच आहे: नोडचा `pg` ड्रायव्हर `date` वाचताना स्वतःहून `Date` ऑब्जेक्ट बनवतो आणि दुखणं परत येतं. ही ओळ टाकली की थांबतं:

```
types.setTypeParser(1082, v => v)
```

जुना डेटा बदलताना मात्र घाई करू नका. सगळ्या नोंदी सरसकट भारतीय वेळेत नेल्या तर ऑकलंडहून केलेलं बुकिंग चुकतं: तिथली १५ ऑगस्टची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १४ ची संध्याकाळ, साडेपाच. सेव्ह झालेल्या वेळेवरूनच बुकिंग कुठून झालं याचा अंदाज येतो. १८:३० असेल तर भारत, उन्हाळ्यात ०४:०० असेल तर न्यूयॉर्कच्या बाजूचं, १२:०० असेल तर बहुधा न्यूझीलंड. आम्ही आधी असे गट पाडले, मग एकेक गट त्याच्या टाइमझोनने बदलला आणि शंका असलेल्या पाहुण्यांना फोन केले.

पैसे कधी आले, बुकिंग कधी रद्द झालं, यांना यूटीसीच हवं. ते आम्ही हलवलं नाही. तुमच्याकडे तासांवर भाड्याने देण्याचे हॉल असतील तर कदाचित पहिली पद्धतच सोयीची ठरेल. रात्रीच्या मुक्कामांसाठी मात्र मी आता `date` सोडून दुसरं काही घेत नाही.